सणाच्या कर्जयोजनेची जाहिरात कशी लिहावी: शुल्कमाफी ठळक, पात्रता स्पष्ट

पितृपंधरवड्यात गाड्यांच्या शोरूममध्ये शांतता असते, पण बँकांच्या मुख्य कार्यालयांत तेव्हाच धांदल चालू असते. घटस्थापनेला जाहिरात बाहेर पडायला हवी. दसऱ्याला गाडी दारात आणायची तर कर्ज त्याआधी मंजूर झालेले असावे लागते, आणि पाडव्याला घराचा व्यवहार करायचा तर कागदपत्रे महिनाभर आधी लागतात. अशा वेळी बँकेच्या प्रसिद्धी विभागात किंवा छोट्या जाहिरात संस्थेत नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात एक पानाचे परिपत्रक येते आणि 'परवापर्यंत मजकूर द्या' असे सांगितले जाते. हा लेख त्या माणसासाठी आहे.

एकच उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, एका नागरी सहकारी बँकेची दसरा-दिवाळी योजना आहे. गृहकर्जावर एरवी कर्जरकमेच्या ०.५० टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. योजनेत हे शुल्क पूर्ण माफ आहे. वाहनकर्जावरही शुल्क ०.५० टक्केच आहे, पण तिथे माफी निम्मीच आहे. परिपत्रकाच्या शेवटी बारीक टाइपात आणखी चार ओळी आहेत. सिबिल गुण, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण, ७५० किंवा अधिक. दुसऱ्या बँकेतून वर्ग केलेल्या कर्जांना योजना लागू नाही. वापरलेल्या आणि व्यावसायिक वाहनांना लागू नाही. योजना १५ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर.

यावरून नवखा माणूस साधारण असा मसुदा करतो:

> दसरा-दिवाळी धमाका! गृह व वाहनकर्जावर शून्य प्रक्रिया शुल्क*. आजच या, स्वप्न साकार करा!
> *अटी व शर्ती लागू.

या दोन ओळींत एक उघड चूक आहे आणि एक लपलेली. उघड चूक म्हणजे वाहनकर्जाचे शुल्क शून्य नाही, निम्मे आहे. लपलेली चूक अशी की वाचणाऱ्याला ही सवलत आपल्याला मिळणार की नाही, हे कळायला काही मार्ग नाही. तो शाखेत येईल, अर्धा दिवस मोडेल, आणि मग त्याला नियम कळेल.

आधी परिपत्रकाला प्रश्न विचारा

लिहायला बसण्यापूर्वी कर्ज विभागातल्या अधिकाऱ्याकडे जा आणि एक प्रश्न नक्की विचारा: ७५० ची अट कर्जासाठी आहे की माफीसाठी? सगळी गफलत इथे होते. ज्याचे गुण ७१० आहेत त्याला बँक कर्जच देणार नाही, की कर्ज देईल पण शुल्क पूर्ण घेईल? या दोन्ही वेगळ्या पात्रता आहेत आणि परिपत्रकात त्या बहुधा एकाच ओळीत कोंबलेल्या असतात. आपल्या उदाहरणात अधिकारी सांगतात की ७०० च्या पुढे कर्ज मिळते, ७५० ची अट फक्त माफीसाठी आहे. याचा अर्थ ७०० ते ७४९ गुणांचा एक मोठा वर्ग असा आहे, ज्याला कर्ज मिळेल पण सवलत मिळणार नाही. जाहिरात वाचून शाखेत भांडायला येतो तो याच वर्गातला माणूस, आणि त्याचे भांडण रास्त असते.

त्यालाच जोडून दोन बारीक प्रश्न विचारायचे. गृहकर्ज बहुतेक वेळा नवरा-बायको मिळून घेतात, मग कोणाचे गुण धरायचे? दोघांचे ७५० हवेत, की मुख्य अर्जदाराचे पुरेत? आणि ज्याने आजवर कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलेच नाही, त्याच्या अहवालात गुणांच्या जागी उणे १ दिसतो. पहिली दुचाकी घेणारी पंचविशीतली मुले-मुली बरीचशी याच गटात येतात. त्यांना माफी आहे का? परिपत्रक लिहिणाऱ्याने याचा विचार केलेला नसतो असे पुष्कळदा दिसते. तुम्ही विचारल्यावर तो होतो, आणि जाहिरात छापण्याआधी नियम पक्का होतो. आपल्या उदाहरणात उत्तर मिळते की दोघांचेही गुण ७५० हवेत, आणि गुण नसलेल्यांना नवीन दुचाकीच्या कर्जावर सवलत आहे.

उत्तरे तोंडी घेऊ नका. साध्या ईमेलवर का होईना, लेखी घ्या. पुढे शाखेने वेगळा अर्थ लावला तर तुमच्या मजकुराला आधार तोच असतो.

काय माफ आहे आणि काय उरते

आता कागदावर वजाबाकी मांडा. ४० लाखांच्या गृहकर्जावर ०.५० टक्के म्हणजे २०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,६००, एकूण २३,६००. हे पूर्ण वाचतात. ८ लाखांच्या वाहनकर्जावर शुल्क ४,००० आणि जीएसटी ७२०, एकूण ४,७२०. त्यातले निम्मे, म्हणजे २,३६० रुपये वाचतात. 'भव्य सवलत' या शब्दांपेक्षा '४० लाखांच्या कर्जावर २३,६०० रुपयांची बचत' हे वाक्य कितीतरी अधिक काम करते, कारण वाचणारा लगेच स्वतःच्या रकमेवर हिशेब करू लागतो.

पण वजाबाकीची दुसरी बाजूही असते. प्रक्रिया शुल्क माफ झाले तरी गृहकर्जात वकिलाचा सर्च रिपोर्ट, मालमत्तेचे मूल्यांकन, कर्ज दस्तांवरचे मुद्रांक शुल्क, गहाणाची नोंद हे खर्च राहतातच. मुद्रांक शुल्क हे सरकारचे देणे. बँक ते माफ करू शकत नाही, फार तर स्वतः भरू शकते. सहकारी बँकेत आणखी एक गोष्ट असते, जी जाहिरातीत जवळजवळ कधीच दिसत नाही. कर्जदाराला सभासद व्हावे लागते आणि बँकेच्या नियमाप्रमाणे कर्जाच्या प्रमाणात बँकेचे भाग, म्हणजे शेअर, विकत घ्यावे लागतात. ते शुल्क नव्हे, ती गुंतवणूक आहे, हे खरे. पण पैसे खिशातूनच जातात किंवा कर्जातून वळते होतात. 'शून्य खर्चात कर्ज' असे वाचून आलेल्या माणसाला भागांची रक्कम कळली की त्याला फसवल्यासारखे वाटणारच.

म्हणून 'शून्य खर्च', 'मोफत कर्ज', 'एकही रुपया न भरता' हे शब्द या योजनेत येऊच शकत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. एखादी गोष्ट मोफत म्हणायची आणि तिच्यासाठी पैसे घ्यायचे, याला त्यांत मनाई आहे. ज्या शुल्काला माफी आहे त्याचे नाव घ्या: 'प्रक्रिया शुल्क माफ'. आणि उरलेल्या खर्चांसाठी त्याच मजकुरात एक वाक्य राखून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या परिपत्रकामुळे हे काम सोपेही झाले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना गृह, वाहन यांसारखे मुदत कर्ज देताना सहकारी बँकांसह सर्वांनाच ग्राहकाला कर्जाची ठळक माहिती देणारे पत्रक द्यावे लागते. त्यात सगळी शुल्के, वकील आणि विमा यांसारख्या त्रयस्थांसाठी बँक जे पैसे गोळा करते तेही, आणि हे सगळे धरून येणारा वार्षिक दर असतो. त्या पत्रकात नसलेले शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. तुमच्या बँकेचा या पत्रकाचा नमुना मागून घ्या आणि आपला मजकूर त्याच्याशेजारी ठेवून वाचा. जाहिरातीत 'माफ' लिहिलेले शुल्क पत्रकात शून्य दिसले पाहिजे. तिथे दुसऱ्याच नावाने, समजा 'फाइल चार्जेस' किंवा 'दस्तऐवज शुल्क' म्हणून रक्कम दिसत असेल, तर जाहिरात थांबवा आणि विचारा.

माफी की परतावा?

हा भेद लहान वाटतो, पण ग्राहकाच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे. काही योजनांत अर्जाच्या वेळी शुल्क घेतात आणि कर्ज ठरावीक तारखेच्या आत उचलले तर परत देतात. ही माफी नाही. कर्ज नामंजूर झाले किंवा व्यवहार फिसकटला तर पैसे परत मिळतील का, आणि परताव्यात जीएसटी धरला आहे का, हे विचारून घ्यावे लागते. अशा योजनेत 'माफ' हा शब्द न वापरता 'कर्जवाटपानंतर प्रक्रिया शुल्क परत' असे लिहावे. आपल्या उदाहरणातल्या बँकेत शुल्क घेतलेच जात नाही, म्हणून 'माफ' बरोबर आहे.

तारीख कोणत्या टप्प्याची?

'१५ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर' एवढ्याने भागत नाही. अर्जाची तारीख, मंजुरीची तारीख आणि पैसे हातात येण्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहनकर्जात त्या आठवड्याभरात उरकतात, म्हणून तिथे फारसे बिघडत नाही. गृहकर्जात मात्र सर्च रिपोर्ट अडकतो, सोसायटीचे ना-हरकत पत्र येत नाही, दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये येतात. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचे कर्ज तर हप्त्याहप्त्याने दिले जाते. १० नोव्हेंबरला अर्ज केलेल्या माणसाला माफी मिळणार का, याचे उत्तर मजकुरात असलेच पाहिजे. आपल्या अधिकाऱ्यांनी सांगितले: अर्ज १५ नोव्हेंबरपर्यंत, आणि कर्जाचा पहिला हप्ता ३१ डिसेंबरपर्यंत उचललेला हवा. तर हे दोन्ही लिहायचे.

'फक्त काही दिवस शिल्लक' किंवा 'मोजक्याच ग्राहकांसाठी' अशी भाषा मात्र योजनेत तशी मर्यादा खरोखर असेल तरच. खोटी घाई निर्माण करणे हे त्याच प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत आहे. शिवाय १५ नोव्हेंबर ही खरी तारीख हाताशी असताना त्याची गरजही नाही.

आता मथळा

दोन कर्जांच्या सवलती वेगळ्या असतील तर मथळ्यातच त्या वेगळ्या करा. एकत्र बांधण्याचा मोह होतो, कारण एक ओळ सुबक दिसते, पण त्यातच खोटेपणा शिरतो.

> दसरा-दिवाळी कर्ज योजना
> गृहकर्ज: प्रक्रिया शुल्क पूर्ण माफ
> नवीन वाहनकर्ज: प्रक्रिया शुल्क निम्मे माफ
> सिबिल गुण ७५० किंवा अधिक असलेल्यांसाठी

चौथी ओळ मथळ्याच्याच गटात आहे, तळाला नाही. विपणन विभाग यावर हटकून आक्षेप घेतो की अट वर आली की लोक मागे फिरतात. मला हा आक्षेप पटत नाही. ७५० च्या वर असलेल्याला ती ओळ थेट आपल्यासाठी आहे असे वाटते. आणि खालच्या गुणांचा माणूस शाखेत येऊन चिडण्यापेक्षा घरीच विचार करून आला तर तो कर्ज घेण्याची शक्यता जास्त असते, कारण ७०० च्या पुढे त्याला कर्ज मिळू शकते, फक्त शुल्क भरून. हे त्याला सांगणेही आपलेच काम आहे, म्हणून पुढच्या मजकुरात त्याच्यासाठी एक वाक्य येते.

'वाहन' च्या आधी 'नवीन' हा शब्द मथळ्यातच घातला आहे, हेही पाहा. एका शब्दाने वापरलेल्या गाडीची अर्धी चौकशी आपोआप मिटते.

पात्रतेचा मजकूर

परिपत्रकाची भाषा अशी असते: 'सदर योजना सिबिल स्कोअर ७५० व त्यावरील अर्जदारांस, टेकओव्हर वगळून, अनुज्ञेय राहील.' ती जशीच्या तशी उतरवू नका आणि तिचा अर्थही बदलू नका. शाखेतला अधिकारी समोर बसलेल्या माणसाला जसे सांगेल, तसे लिहा. आधी कोणाला मिळेल, मग कोणाला मिळणार नाही, मग खर्च कोणते राहतील, आणि शेवटी तारखा.

> माफी कोणाला मिळेल? ज्यांचे सिबिल गुण ७५० किंवा अधिक आहेत त्यांना. पती-पत्नी मिळून कर्ज घेत असतील तर दोघांचेही गुण ७५० हवेत. गुण ७०० ते ७४९ असल्यास कर्जासाठी अर्ज करता येईल, पण प्रक्रिया शुल्क पूर्ण भरावे लागेल. आजवर कर्ज न घेतलेल्यांना नवीन दुचाकीच्या कर्जावर ही सवलत मिळेल.
> माफी कोणाला नाही? दुसऱ्या बँकेतून वर्ग केलेले गृहकर्ज, वापरलेली वाहने आणि व्यावसायिक वाहने यांना.
> हे खर्च वेगळे: गृहकर्जात वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, मुद्रांक शुल्क व गहाणाची नोंद. दोन्ही कर्जांसाठी बँकेचे सभासदत्व व भाग आवश्यक.
> कधीपर्यंत? अर्ज १५ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर. गृहकर्जाचा पहिला हप्ता ३१ डिसेंबरपर्यंत उचललेला हवा. कर्जमंजुरी बँकेच्या नियमांनुसार.

शेवटचे छोटे वाक्य विसरू नका. गुण ७५० असले म्हणजे कर्ज मिळालेच असे नाही. उत्पन्न, चालू कर्जांचे हप्ते, मालमत्तेचे कागद हे सगळे पाहिले जाते. त्याचबरोबर 'कर्जमंजुरी बँकेच्या नियमांनुसार' हे वाक्य वरच्या चार मुद्द्यांच्या जागी वापरू नका. ते एकटेच लिहिले तर 'अटी लागू' चेच दुसरे रूप होते.

हा मजकूर मथळ्याच्या भाषेतच, म्हणजे मराठीतच हवा. मथळा मराठीत आणि अटी खाली इंग्रजीत, हा प्रकार आपल्याकडे फार दिसतो. २०२२ च्या त्याच तत्त्वांप्रमाणे खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरप्रकारात, ठळक दिसेल असा द्यायचा असतो. त्यातही महत्त्वाचे म्हणजे, खुलाशाने दाव्याला खोडून काढता कामा नये. वर 'गृह व वाहनकर्जावर शून्य शुल्क' आणि खाली 'वाहनकर्जास ५० टक्के सवलत' असे लिहिले तर खुलासा कितीही मोठ्या टाइपात असो, जाहिरात चुकीचीच.

ज्याची बढाई मारू नये

सणाच्या मजकुरात 'मुदतपूर्व परतफेडीवर शुल्क नाही' ही ओळ भेट म्हणून घातलेली दिसते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर असे शुल्क घ्यायला रिझर्व्ह बँकेने फार पूर्वीच बंदी केली आहे. जे नियमाने सर्वांना मिळतेच, ते सणाची सवलत म्हणून मांडणे बरोबर नाही. माहिती म्हणून द्यायचे असेल तर सवलतींच्या यादीबाहेर द्या.

दुसरी गोष्ट व्याजदराची. शुल्कमाफी ठळक करताना दर झाकला जाऊ नये. ४० लाख, २० वर्षे, ८.५० टक्के दर असेल तर मासिक हप्ता सुमारे ३४,७१० रुपये येतो. दर ८.६० टक्के झाला तर हप्ता महिन्याला सुमारे २५० रुपयांनी वाढतो आणि वीस वर्षांत ही वाढ ६०,००० रुपयांच्या पुढे जाते. २३,६०० ची माफी तिथे गिळली जाते. त्यामुळे 'दर ८.६० टक्क्यांपासून' असे लिहायचे असेल तर तो सर्वांत कमी दर कोणाला, हेही लिहा; नाहीतर दराचा उल्लेख 'दर गुणांनुसार, शाखेत किंवा संकेतस्थळावर पाहा' असा प्रामाणिकपणे ठेवा.

बांधकाम व्यावसायिकाबरोबर संयुक्त जाहिरात असेल तर आणखी एक काळजी. प्रकल्पाचे नाव आले की महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड लागतो. क्यूआर कोडची सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून आहे. बँकेच्या लोकांच्या हे लक्षात नसते.

फ्लेक्स आणि संदेश

शोरूमबाहेरच्या फ्लेक्सवर वरचा सगळा मजकूर मावणार नाही. तिथे मथळ्याच्या चार ओळी, शेवटची तारीख, 'इतर खर्च वेगळे' हे तीन शब्द आणि पूर्ण माहितीसाठी क्यूआर कोड एवढे पुरे. गुणांची ओळ मात्र काढू नका. जागा कमी पडली तर बोधचिन्ह लहान करा.

मोबाइलवरच्या लघुसंदेशाचे गणित निराळे. देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरे बसतात, मात्रा आणि जागाही त्यातच मोजल्या जातात. व्यावसायिक संदेशाचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून शेवटच्या क्षणी शब्द बदलता येत नाहीत. दोन संदेशांचा खर्च परवडत असेल तर असे चालेल:

> नवीन वाहनकर्जावर प्रक्रिया शुल्क निम्मे माफ. सिबिल ७५०+ साठी. इतर खर्च वेगळे. अर्ज १५ नोव्हेंबरपर्यंत. माहिती: नजीकची शाखा.

एकाच संदेशात दोन्ही कर्जे कोंबू नका. गृहकर्जाचा संदेश स्वतंत्र पाठवा.

छापण्याआधीची चाचणी

मसुदा झाला की तो कर्ज विभागाकडे जातोच. त्याखेरीज तो शाखेतल्या काउंटरवरच्या माणसाला द्या, ज्याला ही योजना ग्राहकाला तोंडी समजावून सांगावी लागणार आहे. त्याला मजकूर वाचायला द्या, मग कागद उलटा ठेवून पाच ग्राहकांबद्दल विचारा: ७२० गुण आणि नवीन कार; ७८० गुण आणि वापरलेली कार; ७६० गुणांचा नवरा आणि ७३० गुणांची बायको, गृहकर्ज; पहिलीच दुचाकी, अहवालात गुण नाहीत; १२ नोव्हेंबरला गृहकर्जाचा अर्ज. कोणाला माफी मिळेल?

आपल्या मजकुरावरून पहिल्याला नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्यांना नाही, चौथ्याला होय आणि पाचव्याला, गुण पुरेसे असतील आणि पहिला हप्ता डिसेंबरअखेर उचलला तर, होय, अशी उत्तरे आली पाहिजेत. एखाद्या उत्तरावर तो अडखळला किंवा 'साहेबांना विचारावं लागेल' म्हणाला, तर त्या ग्राहकाविषयीची ओळ मजकुरात नाही किंवा धूसर आहे. ती दुरुस्त करा आणि दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्या. १६ नोव्हेंबरला सकाळी सगळे फ्लेक्स उतरवायची आणि संकेतस्थळावरचा मजकूर काढायची जबाबदारी कोणाची, तेही त्याच दिवशी नावानिशी ठरवून ठेवा.